मॉनिटरचे यूएसबी पोर्ट आणि ती चौकोनी तोंडाची केबल

प्रश्न: नवीन मॉनिटर एचडीएमआयने जोडलाय, चित्र छान येतंय. पण मॉनिटरच्या मागच्या यूएसबी पोर्टला कीबोर्ड, पेन ड्राइव्ह काहीच चालत नाही. पोर्ट खराब आहेत का?

बहुतेक नसावेत. खोक्यात एक केबल उरली आहे का बघा. तिचं एक टोक साधं यूएसबी असतं आणि दुसरं प्रिंटरच्या केबलसारखं जवळजवळ चौकोनी. ते चौकोनी टोक मॉनिटरला आणि साधं टोक संगणकाला लावा.

एचडीएमआयच्या वायरमधून चित्र आणि आवाज जातो, यूएसबीचा डेटा जात नाही. मॉनिटरमधले ते पोर्ट म्हणजे आत बसवलेला यूएसबी हब. हब स्वतःहून काही करत नाही. संगणकाने त्याला ओळखून 'या पोर्टला वीज दे' असं सांगितलं, की मग तो पोर्ट सुरू करतो. म्हणूनच मॉनिटर भिंतीच्या सॉकेटवर चालत असूनही पेन ड्राइव्हचा दिवा लागत नाही, आणि माणसाला वाटतं पोर्टच मेला. काही मॉनिटरमध्ये एखादा पोर्ट केबलशिवायही फोन चार्ज करतो. त्यावरून फसू नका, डेटा त्यातूनही जात नाही.

माझंही असंच झालं होतं. मॉनिटर परत करायला निघालो होतो, मग खोक्याच्या तळाशी पिशवीत ती केबल सापडली. पण ती टेबलाखालच्या सीपीयूपर्यंत पुरेना, म्हणून जुन्या प्रिंटरची लांब केबल लावली. कीबोर्ड, माऊस लगेच चालू झाले. पेन ड्राइव्हवरून ४ जीबीची फाइल घ्यायला मात्र दोन मिनिटांहून जास्त वेळ लागला. प्रिंटरची केबल यूएसबी २.० ची असते, म्हणजे कागदोपत्री सेकंदाला ४८० मेगाबिट आणि प्रत्यक्षात तीस-पस्तीस मेगाबाइट. यूएसबी ३ च्या केबलचं चौकोनी टोक दुमजली दिसतं, चौकोनावर आणखी एक छोटा कप्पा असल्यासारखं. जुनी केबलही त्या खाचेत बसते, त्यामुळे चूक लक्षात येत नाही.

केबल लावल्यावर विंडोजच्या Device Manager मध्ये एखादा Generic USB Hub वाढलेला दिसतो. लिनक्सवर `lsusb -t` चालवा, त्यात हब आणि त्याचा वेग दोन्ही दिसतात: `480M` किंवा `5000M`.

लॅपटॉप टाइप-सीने जोडला असेल आणि केबल, पोर्ट दोन्ही चित्र व डेटा नेणारे असतील, तर वेगळी वायर लागत नाही. मात्र चार्जरबरोबर आलेली टाइप-सी केबल चालेलच असं नाही, पुष्कळशा फक्त यूएसबी २.० च्या असतात आणि त्यांतून चित्र येतच नाही. केबल चांगली असूनही ४के, ६० हर्ट्झवर काही मॉनिटरचे पोर्ट यूएसबी २.० वर उतरतात, कारण केबलमधल्या वेगवान जोड्या सगळ्या चित्रालाच लागतात. अशा वेळी मॉनिटरच्या मेन्यूत चित्र की डेटाचा वेग, यातलं एक निवडायची सोय आहे का ते बघा.