कॉट बेसिसवर राहताना आधी पडदा कर

चौघांच्या खोलीत आपली म्हणावी अशी जागा कॉटपुरतीच असते, म्हणून पहिला खर्च पडद्यावर कर. भिंतीला खिळा ठोकू नकोस, डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. चिकटवायचे हुकही आधी तपास: भिंतीवर तळवा घासून पांढरी पूड लागली, तर ते रंगासकट निघतील.

त्यापेक्षा मच्छरदाणीसारख्या काठ्या कॉटच्या पायांना सुतळीने घट्ट बांध. वर दोन काठ्यांमध्ये पडद्याची स्प्रिंग ताण. ती पुण्यात बोहरी आळीत मापाने कापून मिळते. अंतरापेक्षा चार बोटं आखूड घे, नाहीतर पडदा मध्येच झोळीसारखा लोंबतो. मी आधी नायलॉनची दोरी लावली होती, ती आठवड्यात सैल पडली.

कापड घरूनच आण. आईची जुनी सुती साडी साडेपाच मीटरची असते. तिचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे शेजारी शेजारी शिवले की सहा फुटी कॉटला चुण्यांसकट पुरतात. सिंथेटिक साडी मात्र नको, एप्रिलमध्ये आत घुसमटायला होतं. वर पंख्यासाठी मोकळं सोड. माझ्या पडद्याला आईच्या साडीचा हिरवा काठ आहे, सकाळी डोळे उघडले की आधी तोच दिसतो.