दोन तासांच्या थेट खेळातून दहा मिनिटांची एक गोष्ट

माइनक्राफ्टच्या 2 तासांच्या रेकॉर्डिंगमधून 10 मिनिटे ठेवायची, म्हणजे दर 12 मिनिटांतले एकच मिनिट उरते. त्यामुळे कापायला बसण्यापूर्वी गोष्ट एका वाक्यात लिहून काढावी. समजा, ते वाक्य असे आहे: ‘नेदरमध्ये मेल्यावर तिथे पडलेले हिऱ्यांचे चिलखत परत मिळते का?’ मग घर बांधणे, शेती आणि प्रेक्षकांशी झालेल्या गप्पा कितीही रंगलेल्या असल्या, तरी बाहेर ठेवाव्या लागतात. मला स्वतःला हेच सर्वांत जड जाते.

शेवट आधी निवडा आणि तिथून मागे या. चिलखत हाती येण्याचा क्षण मनाला भिडायचा असेल, तर ते मूळात मिळवताना घेतलेले कष्ट आधी वीस-तीस सेकंद तरी दिसले पाहिजेत, आणि ते बहुधा सुरुवातीच्या, तेव्हा किरकोळ वाटलेल्या एखाद्या प्रसंगात सापडतात. पडलेल्या वस्तू 5 मिनिटांत नाहीशा होतात, हे तुम्ही खेळताना बोलला असाल, तर ते वाक्य जपा. ते कापले गेले, तर पुढच्या घाईचे कारण नव्या प्रेक्षकाला कळत नाही. परतीची धावपळ मात्र फार आखडू नका, कारण सगळा ताण तिथेच आहे.

पार्श्वसंगीत बोलण्यातच मिसळलेले असेल, तर प्रत्येक कापावर सूर तुटतो आणि तो नंतर नीट झाकता येत नाही. पुढच्या वेळी OBS मध्ये माइक, खेळ आणि संगीत वेगवेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर रेकॉर्ड करा.