बँकेने बोलावं कसं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

तरुण खातेदार हवे आहेत. मेसेजमध्ये त्यांना ‘तू’ म्हटलं तर?

नको. ज्याच्याकडे आपला पगार ठेवायचा, त्याने पहिल्या भेटीत अरेतुरे केलेलं विशीतल्या मुलांनाही खपत नाही. ‘तुम्ही’ म्हणा.

एजन्सीने ‘मैत्रीपूर्ण, विश्वासार्ह, आधुनिक’ असे तीन शब्द आणि भलंमोठं प्रेझेंटेशन दिलं. यावरून आमच्या काउंटरवरच्या माणसाने काय लिहायचं?

काहीच लिहिता येणार नाही. हे तीन शब्द कुठल्याही बँकेला चिकटतात, म्हणूनच ते विकायला सोपे. एजन्सीला विचारा, एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, तेव्हा आमची बँक काय म्हणेल? सूर ठरतो तो अशा मेसेजमध्ये, आणि प्रत्येक प्रसंगाचे तीन नमुने शेजारीशेजारी ठेवावे लागतात.

कोरडा नमुना: ‘आपला व्यवहार तांत्रिक कारणास्तव अयशस्वी झाला असून नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल.’

लाडिक नमुना: ‘अरेरे, मशीन रुसलं! टेन्शन नको, पैसे येतील!’

आपला नमुना: ‘3 जूनला एटीएममधून रोख मिळाली नाही, पण तुमच्या खात्यातून ₹5,000 वजा झाले. ही रक्कम 8 जूनपर्यंत परत जमा होईल. न झाल्यास पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाचे ₹100 आम्ही जमा करू. त्यासाठी तक्रार करायची गरज नाही.’

तिसऱ्यात गोड शब्द एकही नाही, तरी तोच जवळचा वाटतो, कारण घाबरलेल्या माणसाच्या मनात प्रश्न ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने तो उत्तरं देतो. भरवसा तारखेतून आणि रकमेतून येतो. पाच दिवसांची मुदत आणि रोजचे शंभर रुपये ही बँकेची मेहेरबानी नाही. रिझर्व्ह बँकेचा 2019 पासूनचा नियम आहे, आणि तक्रारीची वाट न पाहता भरपाई द्यायची हेही त्यातच आहे. कोरड्या नमुन्यातलं ‘नियमानुसार’ नेमकं हेच झाकतं. मात्र तारीख देणारं प्रत्येक वाक्य आधी तुमच्या अनुपालन अधिकाऱ्याकडून तपासून घ्या.

केवायसीच्या मेसेजला कोणी दाद देत नाही. ‘आजच करा, नाहीतर खातं बंद’ लिहिलं की लोक धावत येतात, असं ऐकलं. लिहावं का?

कोणाकडून ऐकलंत? हा मेसेज चोरांचा आहे. भीती, आजची मुदत आणि दाबायला एक लिंक, एवढ्यावर त्यांचा धंदा चालतो. तुम्हीही तसंच लिहिलंत तर खातेदाराने खरा-खोटा मेसेज ओळखायचा कशावरून? बँक अशीच बोलते, हे तुम्हीच त्याला शिकवलेलं असतं. मग एक दिवस तो चोराच्या लिंकवर जातो, आणि तुमची शाखा त्याला ‘सावध राहा’चं पत्रक देते. असे मसुदे माझ्याकडे सतत येतात, आणि दर वेळी मी तितकीच चिडते.

घाईचं कारणही उरत नाही. कमी जोखमीच्या खात्याचं केवायसी दहा वर्षांतून एकदा नव्याने करावं लागतं, आणि 2025 च्या सुधारणेनुसार मुदतीआधी किमान तीन सूचना द्यायच्या आहेत, त्यांतली एक पत्राने. शेवटच्या दिवशी धमकी द्यायची वेळ येते, म्हणजे आधीची कामं राहिलेली असतात. लिहा असं:

‘तुमच्या खात्याचं केवायसी 30 सप्टेंबरपर्यंत नव्याने करायचं आहे. माहितीत बदल नसेल तर तसं लिहून दिलेलं पुरेल. शाखेत या, किंवा आमचं ॲप स्वतः उघडून करा. या मेसेजमध्ये आम्ही मुद्दाम लिंक दिलेली नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. मेसेज पाठवण्याआधी तुमच्या फसवणूक-तक्रारी पाहणाऱ्या माणसाला दाखवा. ‘हा चोराचा वाटतो का?’ एवढंच विचारा. तो क्षणभर थांबला तरी मसुदा परत घ्या.

देवनागरी एसएमएस महाग पडतो. रोमन लिपीत मराठी चालेल?

नाही. देवनागरीत एका एसएमएसला 70 चिन्हं मिळतात, साध्या रोमनमध्ये 160, आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. फरक खरा आहे. पण पैसे वाचवायचेच असतील तर वाढदिवसाच्या आणि सणांच्या शुभेच्छा बंद करा.

नमुने तयार आहेत, पण मोबाइल ॲपचं नवं रूप येईपर्यंत थांबायचं ठरलंय. बरोबर?

कशासाठी? व्यवहारांचे मेसेज आजही रोज जातायत. एसएमएसचा साचा आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, त्यामुळे वेळ तसाही जातो. एटीएम आणि केवायसीचे साचे याच आठवड्यात नोंदणीला द्या.

इमोजी?

पगार जमा झाला, तर एखादा चालेल. कर्ज नाकारलं, हप्ता थकला, कार्ड बंद केलं, तिथे एकही नको. कर्ज नाकारण्याच्या पत्रातली कारणाची ओळ मात्र कर्जविभाग आणि वकील दोघांना दाखवल्याशिवाय पाठवू नका.