तक्त्यात हायपरक्यूब सरस, मग चिपवर मेश का?

प्रश्न: नोड, म्हणजे कोअर किंवा संगणक, एकमेकांना जोडायच्या रिंग, मेश, हायपरक्यूब या रचनांची तुलना करणाऱ्या तक्त्यात डायमीटर आणि बायसेक्शन विड्थ दोन्हींत हायपरक्यूबच जिंकतो. मग आजच्या प्रोसेसरमध्ये मेश का वापरतात?

उत्तर: कारण तो तक्ता प्रत्येक लिंक सारख्याच रुंदीची धरतो. चिपवर तसं नसतं.

६४ नोड घेऊ. एका नोडवरून शेजारच्या नोडवर जाणं म्हणजे एक हॉप. डायमीटर म्हणजे सर्वात लांबच्या दोन नोडांमधले हॉप, आणि बायसेक्शन म्हणजे जाळ्याचे दोन समान भाग करताना कमीत कमी जितक्या लिंक कापाव्या लागतात तो आकडा. रिंगला ६४ लिंक, डायमीटर ३२, बायसेक्शन २ (१ नव्हे, वर्तुळ दोन ठिकाणी कापावं लागतं). ८×८ मेशला, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीला, ११२ लिंक, डायमीटर १४, बायसेक्शन ८. हायपरक्यूबमध्ये प्रत्येक नोडला सहा बिटांचा नंबर असतो आणि एकाच बिटाचा फरक असलेले नोड शेजारी. म्हणून डायमीटर ६, लिंक १९२. पहिला बिट ० असलेले ३२ नोड एकीकडे, १ असलेले दुसरीकडे. प्रत्येकाची एकच तार पलीकडे जाते, म्हणून बायसेक्शन ३२.

आता चिपच्या मधोमध एक रेघ ओढा. तिथून जास्तीत जास्त २५६ तारा जाऊ शकतात असं धरू. मेशच्या ८ लिंकना प्रत्येकी ३२ तारा मिळतात, हायपरक्यूबच्या ३२ लिंकना जेमतेम ८. निरोप १०२४ बिटांचा असेल, तर मेशच्या लिंकवरून तो ढकलायला ३२ सायकल लागतात आणि सर्वात लांबच्या नोडपर्यंतचे १४ हॉप, प्रत्येकी एक सायकल धरून, म्हणजे साधारण ४६. हायपरक्यूबला १२८ अधिक ६, म्हणजे १३४. हॉप वाचवले, पण तारा बारीक झाल्या.

ही बेरीज चालते कारण आजचे राउटर निरोपाचं डोकं आलं की लगेच पुढे सोडतात, शेपटाची वाट बघत नाहीत. १९८३च्या कॅल्टेकच्या ६४ नोडच्या कॉस्मिक क्यूबच्या काळात प्रत्येक टप्प्यावर अख्खं पॅकेट साठवून मग पुढे पाठवायची पद्धत होती. तिथे हॉप आणि वेळ यांचा गुणाकार होतो, त्यामुळे डायमीटर कमी असणं खरंच मोलाचं होतं.

दुसरी अडचण पिनांची. हायपरक्यूबचे नोड दुप्पट केले की प्रत्येक नोडला एक पोर्ट वाढवावा लागतो. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक बांधला तो ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसर चिपवर, आणि त्या चिपला लिंक चारच. चार लिंकांत सरळ जोडून १६ नोडांचाच हायपरक्यूब होतो. मेशला मात्र कितीही नोड वाढवले तरी चार पुरतात. इंटेलनेही २०१७च्या झिऑन या सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये रिंग सोडून मेश घेतला. कोअर वाढतात तशी रिंग लांबते, पण तिचं बायसेक्शन दोनच राहतं.

मात्र मेश नेहमीच जिंकतो असंही नाही. वरच्याच हिशोबात निरोप ६४ बिटांचा धरा: मेश २ अधिक १४ म्हणजे १६, हायपरक्यूब ८ अधिक ६ म्हणजे १४.