लहान मूल घरी आलं की आधी आईशी बोला

प्रश्न: घरी कोणी बाळाला किंवा लहान मुलाला घेऊन आलं की मी प्रेमाने बोलायला जातो आणि ते रडायलाच लागतं. त्यांच्या पातळीवर जाऊन बोला म्हणतात, म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही बहुधा फार लवकर आणि फार जवळ जाताय. हेच आमच्या घरात झालं आणि त्यावरून माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा वाद आजही मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी बहीण पहिल्यांदाच लेकीला घेऊन माझ्याकडे राहायला आली, तेव्हा भाची तेरा महिन्यांची होती. दार उघडलं, बहिणीच्या कडेवर पोर, आणि दादा आतून टाळ्या वाजवत आला. "अले अले अले, कोण आलं, मामाकडे ये!" असं म्हणत त्याने तिला काखेत हात घालून उचलूनच घेतलं. पोर आधी गप्प झाली. अंग ताठ, मुठी आवळलेल्या, नजर आईवर खिळलेली. तो क्षणभराचा गप्पपणा पाहून दादाला वाटलं, आली आपल्याकडे. मग तिने पाठ धनुष्यासारखी मागे टाकली आणि जो टाहो फोडला, तो झोप लागेपर्यंत थांबला नाही. दादा म्हणाला, "फार लाजरी करून ठेवलीय हिला, माणसांत न्यायला हवं." बहिणीचा चेहरा पडला. ते वाक्य मी आजही विसरलेले नाही.

मी तेव्हा पाळणाघरात काम करत होते, रोज अशी मुलं हाताळत होते. साधारण सहाव्या ते आठव्या महिन्यापासून मुलाला ओळखीचा आणि अनोळखी चेहरा यातला फरक नीट कळायला लागतो आणि अनोळखी माणसाची भीती सुरू होते. वर्षाच्या आसपास ती चांगलीच जोरात असते, दोन वर्षांपर्यंत हळूहळू ओसरते. त्यात लाजरेपणा नाही, लाड नाहीत. उलट आपलं माणूस कोण हे त्या मुलाला पक्कं कळलंय, इतकाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना सांगितलं, तिच्याकडे कोणी बघू नका. बहीण पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्यापासून दीड-दोन हातांवर जमिनीवर बसले, पण समोर नाही, बाजूला. खाली बसायचं हे सगळे सांगतात, बाजूला बसायचं हे कोणी सांगत नाही. मोठ्या माणसाचा चेहरा थेट समोर वीतभर अंतरावर आला, तर तो उंचीने बरोबरीचा असला तरी मुलाला अंगावर आल्यासारखाच वाटतो. मी बहिणीशी साध्या आवाजात बोलत राहिले. पोर आईच्या खांद्याआडून बघायची. मी एकदा बघून हसले आणि माझी नजर आधी काढून घेतली. ती लपली. पुन्हा डोकावली. चौथ्या-पाचव्या वेळेला ती लपली नाही, बघतच राहिली.

तेव्हा मी शेजारी ठेवलेलं डब्याचं झाकण जमिनीवर दोनदा वाजवलं आणि थांबले. पुढे सरकवलं नाही, "घे घे" म्हटलं नाही. ती आईचा गुडघा धरून खाली उतरली, दोन पावलं आली आणि वळून आईकडे बघितलं. बहिणीने हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात पाहिल्यावरच पोर पुढे आली.

हा जो वळून बघण्याचा क्षण आहे, तो सगळ्यात महत्त्वाचा. 1985 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. वर्षाच्या मुलांना एका काचेवर सोडलं, पुढे काचेखाली खोलगट भाग दिसत होता आणि पलीकडे आई उभी. आईने आनंदी चेहरा केला तेव्हा 19 पैकी 14 मुलं ती काच ओलांडून गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा 17 पैकी एकही गेलं नाही. अनोळखी माणसाबाबतही मूल आईच्या चेहऱ्यालाच विचारतं. म्हणून तुम्ही आधी आईशी किंवा बाबांशी मोकळेपणाने बोला, त्यांचा चेहरा सैल होऊ द्या. मुलाचं अर्धं स्वागत तिथेच होतं.

तिने झाकण उचललं. मी म्हटलं, "झाकण. गोल गोल झाकण." तिने ते माझ्या हातात दिलं, मी परत दिलं. असं सहा-सात वेळा झाल्यावर मी पहिल्यांदा तिचं नाव घेतलं. पाऊण तास नव्हे, जेमतेम पंधरा मिनिटं लागली.

दादाचं म्हणणं होतं की मुलाशी लहान होऊन बोलायचं म्हणजे बोबडंच बोलायला हवं. मला हे साफ चूक वाटतं. आवाज थोडा वर, बोलणं संथ, शब्द लांबवलेले, हे बाळांना खरोखर आवडतं आणि ती लक्ष देऊन ऐकतात. पण शब्द मोडायची काही गरज नाही. 'झाकण' म्हणायचं, 'धाकन' नाही. आणि मूल ज्याच्याकडे बघतंय त्याबद्दल बोलायचं. त्याच्या हातात चप्पल असेल तर चपलेबद्दल. बोललात की पाच-सात सेकंद गप्प राहा, त्याला तेवढा वेळ लागतोच. मोठी माणसं त्या वेळात आणखी तीन प्रश्न विचारून मोकळी होतात.

मुलाने मान फिरवली, जांभई दिली, बोटं तोंडात घातली, तर ते पुरे म्हणतंय. तिथे थांबलात तर ते स्वतःहून परत वळतं. "इकडे बघ, इकडे बघ" करत त्याच्या नजरेच्या मागे गेलात की रडू ठरलेलं. दादा नेमका तिथेच चुकायचा आणि अजून मान्य करत नाही.

हे सगळं साधारण सहा महिने ते दोन-अडीच वर्षांच्या मुलांना लागू आहे. चार महिन्यांच्या आतलं बाळ सहसा कोणाकडेही जातं. अगदी तान्ह्याला जवळचंच नीट दिसतं, त्यामुळे तिथे मात्र वीतभर ते फूटभर अंतरावर चेहरा न्यावा आणि तो स्थिर ठेवावा. तीन-चार वर्षांच्याला नाव, शाळा, वय असली उलटतपासणी नको, "हा ट्रक तूच आणलास का?" एवढं पुरतं. काही मुलं मोठी झाली तरी नजरेला नजर देत नाहीत, त्यांना ती द्यायला लावू नका. गुडघे दुखत असतील तर बुटक्या स्टुलावर बसलं तरी चालतं. आणि काही धीट मुलं पहिल्याच मिनिटाला मांडीवर चढतात, त्यांच्याशी एवढा सोपस्कार लागत नाही.

भाची आता नववीत आहे. वक्तृत्व स्पर्धेत भाग घेते. दादा म्हणतो, "बघ, माणसांत नेल्यामुळेच." बहीण गप्प बसते, मी बसत नाही. पुढच्या आठवड्यात त्याचा दहा महिन्यांचा नातू माझ्याकडे येणार आहे. दादाही येईल. सुनेला मी फोनवर सांगून ठेवलंय की बाळ तिच्याच कडेवर राहील, आणि दाराशी झाकण ठेवलेलं असेल.