430 डॉलर नेमके कुठे गेले?

प्रश्न: मकरपुरा जीआयडीसीतल्या एका व्हॉल्व्ह कारखान्यात अकाउंट्स बघतो. अमेरिकेच्या ग्राहकाकडून 41, 44 आणि 47 या तीन इन्व्हॉइसचे मिळून 27,695.50 डॉलर येणे होते. बँकेच्या पत्रात 27,265.50 दिसतात. 430 डॉलर बँक चार्जेसला टाकून तिन्ही बिलं बंद करू का? स्विफ्टची कॉपी, ग्राहकाची ॲडव्हाइस आणि बँकेचं पत्र तिन्ही जोडलंय.

उत्तर: नका करू. त्या 430 मधले फक्त 20 बँकांनी घेतले आहेत, बाकी 410 ग्राहकाने स्वतः कापले आहेत. तुम्ही जोडलेल्या कागदांवरच ते लिहिलेलं आहे. स्विफ्टच्या कॉपीतल्या कामाच्या ओळी एवढ्याच:

```
:32A:260113USD27265,50
:33B:USD27285,50
:70:INV 41 44 47 LESS DN
:71A:SHA
:71F:USD20,00
```

यात स्वल्पविराम हा दशांशचिन्ह आहे, हजारांचा नाही. `33B` म्हणजे ग्राहकाने आपल्या बँकेला जेवढे पाठवायला सांगितले ती रक्कम. `32A` म्हणजे वाटेतली कापाकापी होऊन पुढच्या बँकेच्या हाती पडलेली रक्कम, आणि तिच्या आधीचे सहा आकडे म्हणजे व्हॅल्यू डेट, 13 जानेवारी 2026. या दोन रकमांमधला फरक `71F` मध्ये दिसायला हवा: 27,285.50 वजा 20 बरोबर 27,265.50. जुळलं. वाटेत दोन-तीन बँका असल्या तर `71F` च्या ओळीही तेवढ्या येऊ शकतात, मग सगळ्यांची बेरीज घ्या.

आता ग्राहकाची ॲडव्हाइस घ्या आणि तिची बेरीज `33B` शी लावा. `32A` शी नाही आणि खात्यात जमा झालेल्या रुपयांशी तर मुळीच नाही. बहुतेक जण इथेच चुकतात. ग्राहकाला फक्त त्याने बँकेला सांगितलेला आकडा माहीत असतो, पुढे कोणी किती कापले हे त्याच्या ॲडव्हाइसमध्ये येणार कुठून? तुमच्याकडे ती बेरीज अशी आहे: 12,480.00 अधिक 8,915.50 अधिक 6,300.00 वजा 410.00, म्हणजे 27,285.50. `33B` शी तंतोतंत. आणि 410 ची वजावट 44 नंबरच्या ओळीखाली आहे, सोबत त्यांचा डेबिट नोट नंबर. बहुधा काही नग रिजेक्ट झाले असतील. क्वालिटीवाल्यांना विचारा, त्यांच्या मेलमध्ये सापडेल.

`70` वर फार विसंबू नका. तिथे 35 अक्षरांच्या चारच ओळी मिळतात. ग्राहक दहा बिलांचे पैसे एकदम पाठवतो तेव्हा अर्धे नंबर कापले जातात, किंवा आपल्याऐवजी त्याच्या पीओचे नंबर येतात. बिलवार हिशेब ॲडव्हाइसमधूनच घ्यायचा.

मीही सुरुवातीला तुमच्यासारखाच करायचो. दांडिया बाजारातल्या एका छोट्या ऑफिसातून एका निर्यातदाराची वही लिहीत होतो, तेव्हा 600 डॉलरची तूट मी बिनधास्त चार्जेसला टाकली. वर्षअखेरीला ग्राहकाकडून बॅलन्स कन्फर्मेशन आलं, त्यात त्याचा क्लेम मंजूर झाल्याचं गृहीत धरलेलं, आणि आमच्या मालकांना क्लेम आहे हेच माहीत नव्हतं. बोलणी मला बसली.

आता टॅलीत. बिलवार वाटप डॉलरमध्ये करा, रुपये आपोआप येतील. रिसीटमध्ये `Agst Ref` घेऊन 41 ला 12,480.00, 44 ला 8,505.50 आणि 47 ला 6,300.00 लावा. बेरीज 27,285.50. म्हणजे ग्राहकाच्या खात्याला `33B` ची पूर्ण रक्कम जमा होते. 20 डॉलर त्याच्या नावावर उरत नाहीत, ते तुमचा खर्च आहेत. 44 वर 410 उघडे राहू द्या. मालकांनी क्लेम मान्य केला की क्रेडिट नोट काढून ते बंद होतील, नाही तर ग्राहकाकडून वसूल करायचे आहेत.

रुपयांची बाजू. तुमच्या बँकेने 90.10 च्या भावाने 27,265.50 डॉलरचे 24,56,621.55 रुपये केले. 20 डॉलरचे त्याच भावाने 1,802 रुपये परदेशी बँक चार्जेसला नावे. ग्राहकाला जमा 24,58,423.55. खात्यात प्रत्यक्ष 24,55,369.36 आलेत, म्हणजे 1,252.19 आणखी कमी. हा डॉलर रुपयांत बदलण्याच्या सेवेवरचा जीएसटी. दहा लाखांच्या वरच्या रकमेला सेवेची किंमत 5,500 अधिक दहा लाखांवरच्या भागाच्या 0.1 टक्के अशी धरतात. इथे ती 6,956.62 होते आणि तिच्यावर 18 टक्के. हा आकडा फॉरेक्स फरकात घालू नका. बँकेचं जीएसटी इन्व्हॉइस घ्या, क्रेडिट मिळेल.

फॉरेक्स फरक म्हणजे बिल नोंदवलेला भाव आणि 90.10 यातला फरक, बिलागणिक वेगळा. 41 तुम्ही 89.60 ने नोंदवलंय, म्हणून 12,480 वर 50 पैशांप्रमाणे 6,240 रुपये लाभ.

व्हॅल्यू डेट 13 तारीख, पण बँकेने भाव 16 चा लावलाय. गोंधळू नका. 14 आणि 15 ला, म्हणजे उत्तरायण आणि वासी उत्तरायणला, आपण गच्चीवर होतो. पैसे कशाचे ते सांगणारं पत्र बँकेला तुम्ही 16 ला दिलंत तेव्हा रूपांतर झालं. रिसीट 16 चीच टाका.

तुम्ही बँकेला दिलेल्या त्या पत्रात शिपिंग बिलनिहाय वाटप असतं. तिथे 44 समोर पूर्ण 8,915.50 लिहिलं असेल तर आजच दुरुस्त करून घ्या, नाही तर रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएसमध्ये बेरीज आलेल्या पैशांपेक्षा जास्त भरेल आणि बँक परत पाठवेल. 410 ची कपात मान्य झाली तर तेवढी बिलाची किंमत कमी करून मिळावी म्हणून बँकेकडे वेगळा अर्ज, सोबत ग्राहकाचा पत्रव्यवहार.

दोन गोष्टी पुढच्या वेळेसाठी. ग्राहक कधी कधी आपल्या बँकेची कॉपी मेल करतो, त्यात पूर्ण 27,285.50 दिसतात आणि `71F` नसतो. ती पहिल्या टप्प्याची कॉपी असते. हिशेबाला आपल्या बँकेकडची घ्यायची. आणि बँकेच्या पत्रात त्या कॉपीतल्या `32A` पेक्षाही कमी डॉलर दिसत असतील, तर कापलेत ते त्या कॉपीनंतर. तेव्हा संदेशातला यूईटीआर हा 36 अक्षरांचा क्रमांक देऊन बँकेला माग काढायला सांगा.

तुमच्या ऑर्डरमध्ये सगळे चार्जेस ग्राहकाचे असं लिहिलं असेल तर `71A` मध्ये `OUR` यायला हवं होतं. इथे `SHA` आहे, म्हणजे वाटेतले तुम्ही सोसायचे. ऑर्डर काढून बघा, मग ते 20 डॉलर मागायचे की नाही ते ठरेल.

नोव्हेंबर 2025 पासून बँका आपसात नव्या pacs.008 संदेशातच बोलतात, तुमच्या बँकेने तो जुन्या छापात छापून दिलाय. कुठे नव्या नावांनी मिळाला तर `InstdAmt` ला `33B` समजा, `IntrBkSttlmAmt` ला `32A`, `ChrgsInf` ला `71F`, आणि `SHAR` म्हणजे तेच `SHA`.