तीन फिल्सचा माग आणि अठ्ठावीस दिरहमची गळती

प्रश्न: आम्ही अबू धाबीत राहतो. बँकेत दिरहम, डॉलर आणि पाऊंड असे तीन कप्पे असलेलं एकच खातं आहे. मिस्टरांचा पगार सिंगापूरच्या कंपनीकडून २,५०० डॉलर येतो. त्याचे गेल्या महिन्यात ९,१४६.३३ दिरहम जमा झाले, दर ३.६५८५. त्याच महिन्यात २५ वर्षांच्या बचत-विमा योजनेचा १,००० डॉलरचा हप्ता गेला, तेव्हा ३,६८६.४७ दिरहम नावे पडले, दर ३.६८६५. मी गुणाकार केला तर दोन्हीकडे फिल्समध्ये फरक येतो. मे महिन्यात तर दर ३.७४६० होता. दोन वर्षांची सगळी स्टेटमेंट तपासली आहेत. बँकेकडे तक्रार करावी का? डॉलर वाढतोय, म्हणून योजना डॉलरमध्येच घेतली आहे. आज मोडली तर ५,६०० डॉलर मिळतील असं कळलं. – एक वाचक

ताई, फिल्सची तक्रार करू नका. तुम्ही पाठवलेल्या दोन्ही नोंदींत फरक तुमच्याच बाजूने पडलाय. पगारात आठ फिल्स जास्त आले आणि हप्त्यात तीन फिल्स कमी गेले.

हे होतं कारण स्टेटमेंटवर दर चार दशांश स्थळांपर्यंत छापतात, पण बँकेची यंत्रणा आत पाच-सहा स्थळांचा दर वापरते. छापलेला दर खऱ्या दरापेक्षा जास्तीत जास्त ०.००००५ ने इकडेतिकडे असू शकतो. त्याला रकमेने गुणलं की चालण्याजोगा फरक कळतो. १,००० डॉलरवर पाच फिल्स, २,५०० वर साडेबारा. या मर्यादेतला फरक सोडून द्यायचा आणि त्यापलीकडचा विचारायचा. एक खूण मात्र लक्षात ठेवा. फरक कधी तुमच्या बाजूने, कधी बँकेच्या बाजूने पडला तर ते पूर्णांकन. महिनोन्‌महिने, जमेत आणि नावेतही, तो बँकेच्याच बाजूने पडत असेल तर ते साधं पूर्णांकन नव्हे, आणि तेव्हा जरूर विचारावं.

आता गुणाकार थांबवून भागाकार करा. छापलेला दर बाजूला ठेवायचा आणि दिरहमच्या रकमेला डॉलरच्या रकमेने भागायचं. पगाराचा खरा दर येतो ३.६५८५३, हप्त्याचा ३.६८६४७. हे कशाशी ताडायचं? इथे तुमचं नशीब चांगलं आहे. १९९७ पासून दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. त्यामुळे कुठल्या तारखेचा दर धरायचा हा घोळच नाही. पगाराच्या वेळी बँकेने डॉलर १.४ फिल्स स्वस्तात घेतला आणि हप्त्याच्या वेळी तेवढाच महाग विकला. दोन्हीकडे ०.३८ टक्का. म्हणजे जमेचा आणि नावेचा दर वेगळा असणं ही चूक नाही, तो बँकेचा खरेदी-विक्रीतला नफा आहे आणि तो तिने दोन्ही बाजूंनी सारखाच घेतलाय. (पाऊंडाच्या कप्प्यावर ही पद्धत लावू नका. पाऊंड रोज हलतो, तिथे त्याच दिवसाचा बाजारभाव शोधून ताडावा लागतो.)

मे महिन्याचा ३.७४६० मात्र वेगळा आहे. ३.६७२५ वर बरोबर २ टक्के चढवले की हाच आकडा येतो. इतका गोल टक्का दिसला की मला कार्डाचा वास येतो. त्या महिन्यात खात्यातून हप्ता गेला नसणार आणि तो डेबिट कार्डावर भरला गेला असणार. जुने मेसेज पाहा. नेहमीच्यापेक्षा साधारण ६० दिरहम जास्त गेलेत. कार्ड वापरलं नसेल तर विचारायची नोंद ही एकच.

पण ताई, दोन वर्षं गुणाकार करताना एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली. पगार डॉलरमध्ये येतो, हप्ता डॉलरमध्ये जातो, खात्यात डॉलरचा कप्पा आहे, आणि तरीही त्या १,००० डॉलरचे आधी दिरहम होतात आणि मग दिरहमचे पुन्हा डॉलर. या फेरीचे दर महिन्याला २८ दिरहम पडतात, वर्षाला ३३६, दोन वर्षांत पावणेसातशेच्या जवळपास. यात बँकेने काही लबाडी केलेली नाही. कंपनीला तुम्ही दिरहमच्या कप्प्याचा आयबॅन दिलाय आणि विमा कंपनीलाही हप्ता तिथूनच ओढायची परवानगी दिलीय. बँक सांगितलेलं काम करते. डॉलरच्या कप्प्याचा वेगळा आयबॅन असेल तर तो कंपनीला कळवा आणि घरखर्चापुरतेच डॉलर दिरहममध्ये वळवा. भारतात पैसे पाठवत असाल तर डॉलरमधून थेट रुपये होतात का तेही पाहा, आणि तिथेही हातात आलेल्या रुपयांना डॉलरने भागूनच ठरवा.

हप्ता ओढायची परवानगी बदला असं मी म्हणालो नाही, कारण तो हप्ताच चालू ठेवावा असं मला वाटत नाही.

तुम्ही लिहिता, डॉलर वाढतोय. कशाच्या तुलनेत? ३.६५८५ आणि ३.६८६५ हे आकडे पाहून तसं वाटलं असेल तर ती वाढ नव्हे, बँकेचा नफा आहे. दिरहमसमोर डॉलर गेली अठ्ठावीसहून अधिक वर्षं जागचा हललेला नाही. रुपयासमोर तो वाढतो हे खरं, पण मग दिरहमही तेवढाच वाढतो. डॉलरची योजना म्हणून तुम्हाला जे विकलं, ते दिरहमच्या साध्या बचतीतही तुमच्याकडे होतंच. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

२४ हप्त्यांत २४,००० डॉलर भरले आणि हातात येणार ५,६००. बाकीचे १८,४०० कुठे गेले? अशा योजनांत पहिल्या काही महिन्यांचे हप्ते, बहुधा १८, ‘आरंभीच्या युनिट्स’मध्ये जातात. त्यांच्यावर मुदत संपेपर्यंत वेगळी कपात चालू राहते आणि मोडल्यास ती उरलेल्या वर्षांची एकदम वसूल होते. ही कपात वर्षाला ६ टक्के धरली तर २३ वर्षांत त्या युनिट्सपैकी पाव हिस्साच उरतो. वाढ त्या पाव हिश्श्यावर मिळणार.

गेलेले पैसे परत आणायचा मार्ग माझ्याकडे नाही. पण पुढची २३ वर्षं म्हणजे आणखी २,७६,००० डॉलर आहेत, आणि ते अजून तुमच्या हातात आहेत. नवे हप्ते थांबवा. त्याआधी विमा कंपनीकडून (सल्लागाराकडून नव्हे) तीन गोष्टी लेखी घ्या. आरंभीचा काळ नेमका किती महिन्यांचा होता, हप्ते थांबवून योजना तशीच ठेवली तर दरवर्षी किती शुल्क कापलं जाईल, आणि दर वर्षाच्या शेवटी मोडली तर किती मिळेल. मोडायची की निपचित पडू द्यायची, हा निर्णय मी आज देणार नाही. दोन्हींतला फरक वाटतो तितका मोठा नसतो, आणि कधीकधी ठेवणंच बरं ठरतं. ते आकडे आले की पाठवा.